पिन न विचारता गेलेले पैसे: यूपीआय लाइट, चोरीला गेलेला फोन आणि नुकसान कोणाचे

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. तालुक्यातली माणसे बँकेच्या तक्रारी घेऊन अधूनमधून माझ्याकडे येतात. त्यांतलीच ही एक. बाईंचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि बँक व ॲप यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. घटना २०२५ मधली आहे आणि मर्यादांचे आकडे त्या वेळचे आहेत.

## पार्श्वभूमी

सुलभाताई सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहेत. दर रविवारी त्या तालुक्याच्या आठवडी बाजाराला जातात. मेथीची जुडी, लसूण, पाव किलो मिरची, चपलेची शिलाई असे वीस-पंचवीस छोटे खर्च तिथे होतात आणि ते सगळे त्या फोनवरूनच देतात. बाजारात गर्दी झाली की नेटवर्क रडतकढत चालते. पिन टाकला की चाक फिरत राहते आणि भाजीवाली समोर हात पुढे करून उभी असते. गर्दीत पिन टाकताना कोणीतरी मानेवरून बघते आहे, ही धास्ती वेगळीच.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्यांना यूपीआय लाइट चालू करून दिले. "पिन लागत नाही, ऑफलाइन चालतं," एवढेच त्याने सांगितले. त्यातला पहिला भाग खरा होता. दुसरा त्यांच्या फोनपुरता खरा नव्हता.

लाइटमध्ये आपण पिन टाकून खात्यातले थोडे पैसे बाजूला काढून ठेवतो. मग छोट्या रकमेसाठी पिन विचारला जात नाही आणि प्रत्येक वेळी बँकेच्या मुख्य संगणकाला खाते उघडून बघावे लागत नाही. बँकेचा सर्व्हर दमलेला असला तरी पैसे जातात ते त्यामुळेच. पण देणाऱ्याच्या फोनला इंटरनेट लागतेच. दोन्ही फोन नेटवर्कबाहेर असताना चालते ते लाइट एक्स. त्यात फोनला फोन टेकवून एनएफसीने पैसे सरकतात, म्हणून दोन्ही फोनांत एनएफसी हवे. ताईंच्या फोनात ते नव्हते, आणि भाजीवालीकडे तर पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागदी क्यूआर. साध्या फोनवरून *99# लावून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात, पण तिथे पिन टाकावा लागतो. म्हणजे "पिन नाही" आणि "नेट नाही" या दोन वेगळ्या सोयी आहेत. बोलताना लोक त्या एकच धरतात, आणि धोका कुठे आहे याचा अंदाजही तिथेच चुकतो.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये छोट्या ऑफलाइन व्यवहारांची चौकट घालून दिली. लाइटही त्याच चौकटीत धरले जाते. तेव्हा एका व्यवहाराला २०० रुपये आणि एकूण शिल्लक २,००० अशी मर्यादा होती. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यवहाराची मर्यादा ५०० झाली. डिसेंबर २०२४ मध्ये यूपीआय लाइटसाठी ती आणखी वाढवली: एका व्यवहाराला १,००० आणि कोणत्याही क्षणी शिल्लक जास्तीत जास्त ५,००० रुपये.

ताईंचा सगळा भरवसा या ५,००० वर होता. "काका, गेले तर पाच हजारच जातील ना," असे त्या नंतर मला म्हणाल्या. बटव्यात तेवढी रोकड त्या एरवीही नेतच असत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ॲपने त्यांना आपोआप भरणा सुरू करायचे सुचवले होते. त्यांनी होकार देऊन एकदा पिन टाकला होता. शिल्लक १,००० च्या खाली गेली की खात्यातून २,००० रुपये लाइटमध्ये यावेत, असा आदेश त्या दिवसापासून लागू होता.

## काय घडले

बाजारात ११ वाजून ३४ मिनिटांनी ताईंनी आल्या-लसणाचे ६० रुपये दिले. लाइटमध्ये ३,६४० रुपये उरले. फोन त्यांनी पिशवीच्या वरच्या कप्प्यात टाकला. पंधरा मिनिटांनी एसटी स्टँडवर हात घातला तर फोन नाही.

फोनला पॅटर्नचे कुलूप होते, इंग्रजी एल अक्षरासारखे. सकाळपासून त्यांनी ते गर्दीत दहा-बारा वेळा काढले असेल. पैशांचे ॲप उघडतानाही तेच पॅटर्न लागत होते. त्याला स्वतःचा वेगळा आकडा नव्हता. यूपीआयचा पिन फक्त ताईंना माहीत होता, पण चोराला तो लागलाच नाही.

पुढचा तास कसा गेला ते नंतर मिळालेल्या यादीवरून जुळवले.

११.५० ला मोबाइलच्या दुकानात ९८० रुपये, ११.५७ ला दुसऱ्या दुकानात ९५०, १२.०४ ला ९००. शिल्लक ८१० वर आली आणि खात्यातून २,००० आपोआप आले. १२.१५ ला ९९०, १२.२१ ला पेट्रोल पंपावर १,०००. शिल्लक ८२०, पुन्हा २,००० आले. १२.३३ ला ९६०, १२.५२ ला ९४०. शिल्लक ९२०, तिसऱ्यांदा २,०००. त्यानंतर सगळे बंद झाले तेव्हा लाइटमध्ये २,९२० रुपये पडून होते.

बेरीज करून पाहा. सात व्यवहारांत ६,७२० रुपये गेले आणि खात्यातून ६,००० रुपये लाइटमध्ये आले. शिल्लक एकदाही ५,००० च्या वर गेली नाही, म्हणजे नियम कुठेच मोडला नाही. मात्र ५,००० ही टाकीत एका वेळी मावणाऱ्या पाण्याची मर्यादा आहे. नळ चालू असेल तर दिवसभरात किती पाणी वाहून जाईल, हे ती सांगत नाही. आपोआप भरणा दिवसातून पाच वेळांपर्यंत होऊ शकतो. ताईंच्या आकड्यांनी हिशेब केला, तर वेळीच थांबवले नसते तर आधीचे ३,६४० आणि वरचे १०,००० अशी साडेतेरा हजारांहून जास्त रक्कम त्या एका दिवसात चोराच्या हाताशी होती.

या भरण्याला दर वेळी पिन का लागत नाही, याचे कारण आहे. जून २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो आवर्ती आदेशांच्या चौकटीत आणायचे ठरवले. पैसे ग्राहकाच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, बाहेर जात नाहीत, म्हणून दर वेळची पडताळणी आणि आगाऊ सूचना नको, असा विचार त्यामागे होता. फोन मालकाच्या हातात असेपर्यंत तो बरोबरच आहे. फोन दुसऱ्याच्या हाती गेला की तो दुसरा खिसा चोराचा होतो.

## पहिला निर्णय: आधी कोणाला गाठायचे

फोन नाही हे कळले तेव्हा पावणेबारा होऊन गेले होते. ताईंपुढे तीन वाटा होत्या: सिम बंद करायचे, बँकेला कळवायचे किंवा पोलिसांत जायचे. त्यांनी आधी सिम बंद करायचे ठरवले. कोणीही तेच केले असते. फोन गेला की सिम बंद करा, हेच आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

मोबाइल कंपनीच्या दुकानात रांग होती. रविवारचा दिवस, ओळखपत्राची झेरॉक्स घरी. तिथे पाऊण तास गेला. मग भाच्याच्या फोनवरून बँकेच्या ग्राहक सेवेला फोन केला. तक्रार नोंदली गेली १२.४० ला. तक्रार क्रमांक भाच्याने बसच्या तिकिटामागे लिहून घेतला आणि पुढे त्या तिकिटाने मोठे काम केले.

सिम बंद झाल्याने ओटीपी चोराकडे जायचे थांबतात, ते महत्त्वाचे आहेच. पण लाइटच्या व्यवहाराला ओटीपी लागत नाही. सिम बंद झाले तरी उघडे असलेले ॲप दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर काही वेळ चालू राहू शकते. भरण्याचा नळ आहे बँकेकडे, म्हणून पहिला फोन बँकेला हवा आणि त्यात शब्द नेमके हवेत: "माझ्या खात्याचं यूपीआय बंद करा आणि लाइटच्या आपोआप भरण्याचा आदेश थांबवा." ताईंनी "फोन चोरीला गेलाय, खातं बंद करा" एवढेच सांगितले. पलीकडच्या मुलाने आधी डेबिट कार्ड बंद केले, मग नेट बँकिंग. यूपीआयची पाळी सर्वांत शेवटी आली, म्हणून तक्रार नोंदल्यावर बारा मिनिटांनीही ९४० रुपये गेले आणि २,००० आले.

इथे लाइट एक्सबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. साध्या लाइटमध्ये फोन नेटवर्कवर असतो, म्हणून बँकेने दार लावले की ते लागते. नेटवर्कबाहेर असलेल्या फोनपर्यंत बंदीचा आदेश पोहोचतच नाही. त्यात भरलेली रक्कम खरोखर खिशातल्या नोटांसारखी असते. ऑफलाइन चौकटीत ५०० आणि २,००० या कमी मर्यादा आहेत, त्या मला याच कारणासाठी योग्य वाटतात. ऑफलाइन असताना नवा भरणाही होत नाही, म्हणजे तिथे टाकी आहे पण नळ नाही.

## पासबुकात दिसले काय

सोमवारी ताई शाळेतून रजा घेऊन शाखेत गेल्या. पासबुक भरून घेतले तर त्यात तीनच नोंदी होत्या, तिन्ही दोन-दोन हजारांच्या आणि लाइटच्या नावाने. मोबाइलचे दुकान नाही, पेट्रोल पंप नाही. काउंटरवरच्या साहेबांनी विचारले, "तुमची कोणत्या व्यवहाराबद्दल तक्रार आहे? हे तर तुमचेच पैसे तुमच्याच वॉलेटमध्ये गेलेत."

ताई निरुत्तर झाल्या. लाइटचे छोटे व्यवहार पासबुकात एकेक करून येत नाहीत. तिथे फक्त भरणा दिसतो. एरवी ही सोयच आहे, दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी पासबुक भरत नाही. तक्रार करायची वेळ आली की त्याच सोयीमुळे हातात पुरावा राहत नाही. प्रत्येक व्यवहाराला वेगळा संदेश पाठवायची सक्ती बँकेवर नाही. तपशील मात्र ग्राहकापर्यंत पुरेसे पोहोचले पाहिजेत, असे चौकट सांगते. ताईंच्या बाबतीत भरण्याचे तीन संदेश आले होते, पण ते चोरीला गेलेल्या फोनवर. ईमेल खात्याला जोडलेलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. पहिले वाक्य होते, "काका, मी पिन कोणालाच दिला नाही. मग खात्यातले पैसे गेले कसे?" मी त्यांना पहिले काम सांगितले ते व्यवहारांची यादी मागण्याचे. वेळ, रक्कम, दुकानाचे नाव आणि संदर्भ क्रमांक यांसह लाइटचा एकेक व्यवहार लेखी द्या, असा अर्ज आम्ही बँकेकडे केला. चौथ्या दिवशी यादी हातात आली. प्रकरण उभे राहिले ते त्या कागदावर.

## नुकसान कोणाचे: बाजू आणि वाटा

बँकेचे म्हणणे सरळ होते. लाइट म्हणजे खिशातली रोकड. पिनशिवाय पैसे देण्याची सोय ग्राहकाने स्वतः मागून घेतली, आपोआप भरण्याचा आदेशही स्वतः पिन टाकून दिला. फोन सांभाळणे त्यांचे काम.

यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मात्र कायद्याची चौकट इतकी एकतर्फी नाही. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याचे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक तेव्हा लागू होते आणि छोटे ऑफलाइन व्यवहार त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले नव्हते. त्याचा गाभा असा. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला काहीच भुर्दंड नाही. चूक ग्राहकाच्या निष्काळजीपणाची असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. चूक दोघांचीही नसून तिसरीकडेच असेल, तर सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवणाऱ्यावर बोजा नाही. आणि ग्राहकच जबाबदार आहे हे सिद्ध करायचे काम बँकेचे आहे.

दुकानदारांना यात ओढायचे का, हाही प्रश्न होता. ताईंच्या भावाचे म्हणणे होते की पंपावर जाऊन हजार रुपये परत मागावेत. मी नको म्हणालो. पंपवाल्याने पेट्रोल दिले आणि त्याला रीतसर पैसे मिळाले. पैसे देणारा फोनचा मालक आहे की नाही हे तपासायचे कोणतेच साधन त्याच्याकडे नाही. दुकानाच्या बाजूच्या यंत्रणेत किंवा सुरक्षेत खोट असती, तर चौकटीनुसार दुकानदाराला जोडून घेणाऱ्या बँकेला जबाबदार धरता आले असते. इथे तशी खोट नव्हती. पंपावरचे कॅमेऱ्याचे चित्रण मात्र उपयोगाचे होते, म्हणून पोलिसांच्या तक्रारीत वेळेसह त्याचा उल्लेख केला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या क्रमांकावरही नोंद केली.

सगळे ६,७२० रुपये मागायचे की जेवढे ठामपणे मांडता येईल तेवढेच, यावर आमचे दोन संध्याकाळी बोलणे झाले. अखेर आम्ही ती पूर्ण रक्कम आणि लाइटमध्ये पडून असलेली शिल्लक, दोन्ही मागितली, पण अर्जात मागणीचे तीन तुकडे केले. तक्रार नोंदल्यानंतर गेलेले ९४०. लाइटमध्ये पडून असलेले २,९२०. आणि तक्रारीआधी गेलेले ५,७८०.

शेवटच्या तुकड्याची पुन्हा फोड केली. त्यातले ३,६४० रुपये ताईंनी आपणहून लाइटमध्ये ठेवलेले होते. उरलेले २,१४० चोरीनंतर, पिनशिवाय, खात्यातून आले होते. पहिल्या रकमेला रोकड म्हणायला मीही तयार होतो. दुसरी रक्कम रोकड कशी? ती खात्यात होती, आणि खात्यातले पैसे पिनने राखलेले असतात अशी ग्राहकाची समजूत असते. शिल्लक संपेल तसा दिवसातून अनेकदा भरणा होईल, हे ताईंना समजेल अशा भाषेत सांगून संमती घेतली होती का, ते बँकेने दाखवावे, अशी मागणी केली.

## काय झाले

पहिल्या दोन तुकड्यांवर वाद झाला नाही. ९४० रुपये दहाव्या दिवशी आले. बसच्या तिकिटावरचा तक्रार क्रमांक आणि १२.४० ही वेळ बँकेच्या ध्वनिमुद्रणाशी जुळली. पडून असलेले २,९२० जुन्या फोनवरची नोंदणी रद्द करून खात्यात परत यायला तीन आठवडे लागले. त्यासाठी दोनदा अर्ज द्यावा लागला, कारण पहिल्या वेळी शाखेने "नवीन फोनवर ॲप टाका, आपोआप दिसेल" असे सांगितले. लाइट त्या-त्या फोनशी बांधलेले असते. दुसऱ्या फोनवर ती शिल्लक दिसली नाही.

५,७८० बाबत बँकेने लेखी नकार दिला. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार केली. बँकेने नाकारले किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर हा मार्ग खुला असतो. त्याला फी नाही, वकील लागत नाही. तिथे निकालापर्यंत गोष्ट गेली नाही. बँकेने समेटात २,१४० रुपये द्यायचे मान्य केले. संमतीच्या पडद्यावर नेमके काय लिहिले होते, हे त्यांना समाधानकारकपणे दाखवता आले नव्हते, असा माझा तर्क आहे.

म्हणजे आपोआप भरलेले ६,००० रुपये तिन्ही वाटांनी परत आले आणि आधीचे ३,६४० रुपये ताईंचे गेले. हा समेट होता. असाच निकाल दुसऱ्याला मिळेल, असे त्यावरून धरता येणार नाही. चोर सापडलेला नाही.

## काय वेगळे करता आले असते

पहिला फोन बँकेला गेला असता आणि बारापर्यंत यूपीआय बंद झाले असते, तर १२ नंतरचे पाचही व्यवहार झाले नसते आणि भरण्याची वेळच आली नसती. तक्रारीच्या वेळेचा मुद्दा पैशांत मोजला तर तो एवढा होतो: ४,७९० रुपये.

पॅटर्नबद्दल मी ताईंना दोष दिला नाही, तरी लाइट वापरणाऱ्याने हे पक्के धरावे की पिन निघून गेला की फोनचे कुलूप हाच पिन. लाइट चालू असलेल्या ॲपने उघडताना पासकोड, बोट किंवा पॅटर्न मागायलाच हवे, असे २०२५ मध्ये ठरले आहे. पण ते कुलूप फोनचेच असेल, तर दोन दारांना एकच किल्ली होते. ॲपला वेगळा आकडा लावता येत असेल तर तो लावावा.

माझ्या बाजूनेही एक राहिले. सोमवारीच लेखी तक्रार देऊन तिच्या प्रतीवर शिक्का घ्यायला हवा होता. आम्ही यादीची वाट पाहत बसलो. तोंडी तक्रारीचा क्रमांक होता म्हणून निभावले.

नवीन फोन घेतल्यावर ताईंनी लाइट बंद करायचे ठरवले होते. मी म्हणालो, बंद करू नका, नळ काढा. त्यांनी आपोआप भरण्याचा आदेश दिलाच नाही. आता रविवारी सकाळी घरातून निघण्याआधी त्या पिन टाकून ८०० रुपये भरतात आणि बाजाराहून आल्यावर उरलेले खात्यात परत वळवतात. लाइट बंद न करता पैसे परत काढायची ही सोय आता ॲपमध्ये आहे. खात्याला ईमेल जोडला आहे. बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक, तो नेमका शब्दांचा निरोप आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एका कार्डावर लिहून ते त्यांनी बटव्यात ठेवले आहे. दुसरे तसेच कार्ड भाच्याकडे आहे.